इनाम नव्हे, मजुरी : आमच्या सातबाऱ्यावरचे दोन जुने शब्द

माथेरानच्या पायथ्याला, कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावी गेल्या पावसाळ्याच्या आधी विहारात भावकीची बैठक झाली. विषय जमिनीचा होता. मुंबईहून येणाऱ्या रस्त्यांनी आणि फार्महाऊसच्या पाट्यांनी कर्जत-खालापूरच्या जमिनीला आता जो भाव आणला आहे, तो आमच्या आजोबांच्या स्वप्नातही नव्हता. एक एजंट आला होता. त्याने सातबारा, दोन-तीन जुने फेरफार आणि टाईप केलेलं संमतीपत्र बरोबर आणलं होतं. तो म्हणाला, "काका, ही इनामाची जमीन आहे. म्हणजे मूळची सरकारची. उद्या सरकार काढून घेईल, त्याआधी दोन पैसे करून घ्या. सही फक्त थोरल्या घरची लागेल, कागदावर त्यांचंच नाव आहे. आणि आत्याबाईंचा तर प्रश्नच नाही, वतनात लेकींना वाटा नसतो."

एका दमात त्याने तीन गोष्टी सांगितल्या आणि तिन्ही खोट्या होत्या. पण बैठकीतल्या कुणालाच त्या खोट्या वाटल्या नाहीत. आमचे चुलत आजोबा तर अभिमानाने म्हणाले, "हो, आपल्याला इनाम आहे. आपण काय भूमिहीन नव्हतो." एजंट ज्या शब्दाने आम्हाला घाबरवत होता, त्याच शब्दाचा आजोबांना अभिमान होता. हा लेख त्या शब्दाबद्दल आहे. मित्रांनो, तुमच्याही घरच्या सातबाऱ्यावर 'इनाम वर्ग ६ ब' किंवा 'महार वतन' असं काही लिहिलेलं असेल, तर सही करण्याआधी हे दोन शब्द नीट समजून घ्या.

दोन शब्द, दोन व्यवहार

इनाम आणि वतन हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आले. इनाम म्हणजे बक्षीस, कृपा म्हणून दिलेली देणगी. वतन म्हणजे मुळात राहण्याचं ठिकाण, मायभूमी. उर्दू-हिंदीत आजही त्याचा तोच अर्थ आहे. महाराष्ट्रात मात्र या शब्दाचा अर्थ बदलला. गावातलं पिढीजात काम आणि त्या कामाबद्दल मिळणारा पिढीजात हक्क, या जोडीला इथे वतन म्हणू लागले. पाटलाचं वतन, कुलकर्ण्याचं वतन, तसंच महाराचंही वतन.

आता फरक पाहा. इनाम घेणाऱ्यावर काम करण्याचं बंधन नसतं. राजा खूश झाला, एखाद्या शास्त्र्याला किंवा सरदाराच्या वारसाला जमीन दिली, सारा माफ केला, व्यवहार संपला. वतन घेणाऱ्याचा व्यवहार कधीच संपत नाही. काम चालू आहे तोवर जमीन, आणि जमीन आहे तोवर काम. बापाने केलं म्हणून मुलाने करायचं, मुलगा नसेल तर पुतण्याने करायचं.

मग हे दोन शब्द आपल्या कागदावर एकत्र का दिसतात? कारण इंग्रजांच्या महसूल खात्याला त्यातला एकच भाग महत्त्वाचा वाटत होता, तो म्हणजे या जमिनीचा पूर्ण सारा सरकारला मिळतो की नाही. पूर्ण सारा मिळतो ती खालसा जमीन. ज्या जमिनीचा सारा सरकारने पूर्ण किंवा काही अंशी सोडून दिला आहे, ती दुमाला जमीन. सगळ्या दुमाला जमिनी एका नोंदवहीत घालून त्यांना वर्ग दिले गेले. वर्ग २ म्हणजे जात इनाम, व्यक्तीला दिलेली देणगी. वर्ग ३ देवस्थान. वर्ग ६ म्हणजे गावच्या कनिष्ठ सेवकांच्या जमिनी, आणि त्यातला '६ ब' म्हणजे सरकारच्या उपयोगी पडणाऱ्या सेवकांच्या. महार आणि रामोशी या खान्यात आले. सरदाराच्या वंशजाला मिळालेली भेट आणि आमच्या पणजोबांची मजुरी, दोघांवर 'इनाम' हाच शिक्का बसला. हिशेबनिसाच्या सोयीसाठी मारलेला हा शिक्का पुढे आमच्या घरात अभिमानाचा शब्द झाला.

कुणाला मोकळं केलं, कुणाला बांधून ठेवलं

शब्द एकच असला तरी कायद्याने दोघांना कधीच सारखं वागवलं नाही. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने इनामांच्या सनदा तपासायला घेतल्या. त्यातून मोठा असंतोष झाला आणि १८६३ साली सरकारने सरसकट तडजोडीचे दोन कायदे केले. इनामदाराने ठरावीक हलका सारा कबूल केला, की पुढे सनद तपासायची नाही आणि जमीन त्याची कायमची. ती वारसाला जाईल, विकताही येईल. या तडजोडीतून नोकरीच्या बदल्यात दिलेल्या जमिनी वगळल्या होत्या. म्हणजे देणगी घेणारा सुटला, राबणारा अडकला.

देशमुख-देशपांड्यांचं वतन तरी नोकरीचंच होतं. त्यांच्यासाठी त्याच काळात गॉर्डन साहेबाची तडजोड झाली. जुडी भरा, नोकरी माफ, वतन तुमच्याकडेच राहील. इंग्रजांना त्यांच्या हिशेबनिशीची गरज उरली नव्हती, पण त्यांची नाराजीही परवडणारी नव्हती. महारांना अशी तडजोड कुणी देऊ केली नाही. त्यांच्या कामाची गरज संपली नव्हती, आणि त्यांच्या नाराजीची सरकारला भीती नव्हती.

मग १८७४ साली वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा आला. त्यालाच आपण वतन कायदा म्हणतो. वतनाची जमीन त्या वतनाच्या बाहेरच्या माणसाला सरकारच्या परवानगीवाचून, आपल्या हयातीपलीकडे विकता किंवा गहाण ठेवता येणार नाही, असं त्याने ठरवलं. त्यामुळे जमीन घरात राहिली हे खरं. पण तिच्याबरोबर कामही घरात राहिलं, आणि ते काम नेमकं कोणतं याची मर्यादा मात्र या कायद्याने घातली नाही.

काम काय होतं ते आमच्या आजीच्या तोंडून ऐकलेलं आहे. वसुलाच्या वेळी कुळांना चावडीवर बोलावून आणायचं. वसुलाची थैली आणि टपाल पायी कर्जतला पोचवायचं. शिवेचे दगड दाखवायचे. मेलेलं ढोर ओढून न्यायचं. साहेबाचा तळ पडला की लाकूड-पाणी, घोड्याची वैरण आणि पुढच्या गावापर्यंत डोक्यावर सामान. आमच्याकडे साहेब फार यायचे. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० साली चौकहून माथेरानचा डोंगर चढला आणि पुढे वर गोऱ्यांची हवा खाण्याची जागा झाली. छोटी रेल्वे १९०७ ची. तोवर वर जाणारं सगळं माणसाच्या नाहीतर जनावराच्या पाठीवरून जात होतं. माथ्यावरच्या बंगल्यांना सरकारने जमीन भाडेपट्ट्याने दिली. त्या पट्ट्यात मुदत, भाडं, दोन्ही बाजूंच्या अटी असं सगळं लिहिलेलं असे. पायथ्याच्या महाराशी सरकारने असा कागद कधीच केला नाही.

साडेचार आणे महिना

आता आमच्या घरच्या आकड्यांकडे येते. जुन्या नोंदवहीत आमच्या वाडवडिलांची नावं '-नाक' प्रत्ययाची आहेत, 'अमुकनाक बिन तमुकनाक महार' अशी. जमीन एक एकर सहा गुंठे भात आणि दोन एकर वरकस. पूर्ण आकार वर्षाला ४ रुपये ८ आणे. त्यातली जुडी, म्हणजे आम्ही सरकारला भरायची रक्कम, १ रुपया २ आणे. उरलेले ३ रुपये ६ आणे सरकारने सोडले.

इथे थांबून विचार करा. या जमिनीच्या शेजारी एका रयताची तेवढीच जमीन होती. तो पूर्ण आकार भरत होता, पण चावडीवर राबत नव्हता. त्याला जमीन विकता येत होती, गहाण टाकता येत होती. म्हणजे जमीन कसून खाणं हा काही आमच्यावरचा खास उपकार नव्हता, तो शेजाऱ्यालाही होता. त्याच्यात आणि आमच्यात सरकारी हिशेबाने फरक एवढाच, की आम्हाला वर्षाला ३ रुपये ६ आणे कमी भरावे लागत. तीच आमच्या कामाची सरकारी किंमत. वर्षाचे चोपन्न आणे, महिन्याचे साडेचार. आणि वतन एका माणसाचं नव्हतं, चार घरांचं होतं. पाळी कुणाचीही असो, हाक आली की जो हाताशी असेल त्याने धावायचं. एका घराच्या वाट्याला महिन्याला एका आण्याहून थोडंसं जास्त येत होतं.

बाकीचा मोबदला बलुत्यातून, म्हणजे खळ्यावर रयत देईल त्या धान्यातून यायचा. सरकारची नोकरी करायची आणि पगार मात्र गावाकडे मागायचा. गाव नाराज झालं की बलुतं बंद. शिकायला पोरगं शाळेत घातलं, पाण्याला हात लावला, नवं धोतर नेसलं, की खळ्यावरून रिकामं परत यायचं. बहिष्कार घालायला गावाला वेगळं हत्यार लागत नव्हतं, वतनाच्या व्यवस्थेतच ते तयार होतं.

बाबासाहेबांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. १९२७ साली 'बहिष्कृत भारत'मध्ये त्यांनी महार वतनावर लेख लिहिले आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. त्यांचं म्हणणं असं होतं : ज्या महारांना हे काम नको आहे, त्यांना पूर्ण आकार भरून जमीन स्वतःकडे ठेवता यावी आणि नोकरीतून सुटता यावं. ज्यांना काम करायचं आहे, त्यांची कामं ठरवून द्यावीत. आणि बलुत्याचं धान्य खळ्यावर मागत फिरण्याऐवजी त्याचा पैशात कर बसवून तो साऱ्याबरोबर वसूल व्हावा. देशमुख-देशपांड्यांना साठ वर्षांपूर्वी मिळालेली सवलतच ते मागत होते. विधेयक निवड समितीकडे गेलं, तिथे त्याचा जीव काढून घेतला गेला आणि १९२९ साली बाबासाहेबांनी ते परत घेतलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी हेच काम १९१८ साली करून दाखवलं होतं. तिथे महार वतनं रद्द होऊन जमिनी रयताव्याने महारांच्या नावावर झाल्या. म्हणजे हे अशक्य नव्हतं, सरकारला करायचं नव्हतं.

"वतनात लेकींना वाटा नसतो" हे कुणी ठरवलं

एजंटाचं तिसरं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण त्यावर आमच्या घरातल्या पुरुषांनी मान डोलावली. ती 'आपली रीत' आहे असं सगळ्यांना वाटतं. हा नियम मात्र कागदावर, तारखेसकट सापडतो. १८८६ च्या मुंबई कायदा क्रमांक ५ ने वतन कायद्यात भर घातली : शेवटच्या पुरुष धारकाची विधवा सोडून वतनदार कुटुंबातली कोणतीही स्त्री, आणि स्त्रीच्या बाजूने हक्क सांगणारा कुणीही, वारसाहक्कात कुटुंबातल्या प्रत्येक पात्र पुरुषाच्या मागे राहील. उद्देश सरळ होता. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी जाणार. तिच्याबरोबर जमीन गेली तर चावडीचं काम कोण करणार? सरकारला राबणारा पुरुष हवा होता, म्हणून लेकीला मागे ढकललं.

आता ज्या कामासाठी हा नियम केला ते काम गेलं, वतन गेलं, १८७४ चा कायदा या जमिनींपुरता संपला. नियम तेवढा आमच्या डोक्यात राहिला. वतन रद्द झाल्यानंतर उघडलेल्या वारसाला १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागतो. नावात 'हिंदू' असलं तरी तो कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि त्यात मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे. माझे आजोबा १९७४ साली गेले. त्यांच्या मागे माझे वडील आणि दोन आत्या. वारस नोंदीत मात्र फक्त वडिलांचं नाव लागलं. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावणाऱ्या घरात १८८६ चा कायदा चालू होता. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण लिहिणं भाग आहे.

निर्मूलन झालं, शर्त राहिली

स्वातंत्र्यानंतर एकेक वतन-इनाम रद्द झालं. परगणा व कुलकर्णी वतनांचा कायदा १९५० चा, व्यक्तिगत इनामांचा १९५२ चा, कनिष्ठ गाव वतनांचा १९५८ चा, पाटील वतनांचा १९६२ चा. आपल्या कामाचा आहे तो १९५८ चा. तो आमच्या भागात १९५९ साली अमलात आला. बाबासाहेबांच्या विधेयकानंतर तीस वर्षांनी आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर.

या कायद्याची रचना समजून घ्या, कारण एजंटाचं पहिलं वाक्य तिथेच फसवं आहे. पहिल्या पायरीला वतन रद्द झालं आणि जमीन सरकारजमा झाली. दुसऱ्या पायरीला तीच जमीन वतनदाराला परत द्यायची, यालाच कागदावर 'पुनर्प्रदान' किंवा 'रिग्रँट' म्हणतात. त्यासाठी पूर्ण आकाराच्या तीन पट कब्जेहक्काची रक्कम ठरलेल्या मुदतीत भरायची. ती भरली की वतनदार भोगवटादार झाला. भरली नाही तर त्याचा कब्जा अनधिकृत समजला जाणार आणि त्याला काढून टाकता येणार. तिसरी पायरी म्हणजे शर्त. परत मिळालेली जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही आणि सरस-निरस पाहून तिची वाटणीही करायची नाही. हीच 'नवीन अविभाज्य शर्त', आजच्या सातबाऱ्यावरचा 'भोगवटादार वर्ग २'.

व्यक्तिगत इनामाचं काय झालं? तिथे इनामदार पूर्ण सारा भरायला लागला आणि भोगवटादार झाला. त्याच्यावर नव्या शर्तीचं जोखड आलं नाही. म्हणून वर्ग २ चं जात इनाम असलेली जमीन आज बिनाअडथळा विकली जाते, आणि ६ ब ची विकायला परवानगी आणि नजराणा लागतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर ही शर्त फक्त महारांवर घातली असं नाही, कुलकर्णी आणि पाटील वतनांच्या जमिनीही नव्या शर्तीवरच परत दिल्या गेल्या. पण ज्याच्याकडे वतनाशिवाय दुसरी जमीन, शिक्षण आणि कचेरीत ओळख आहे त्याला शर्त म्हणजे एक अर्ज. ज्याची सगळी जमीनच वतनाची आहे, त्याला शर्त म्हणजे कर्ज नाही, वाटणी नाही आणि एजंटाशिवाय गत नाही.

शर्तीचा दुसराही उपयोग झाला, हेही मान्य केलं पाहिजे. पन्नास-साठ वर्षं सावकाराला आमची जमीन उघडपणे लिहून घेता आली नाही, ती याच शर्तीमुळे. ती उठवावी की ठेवावी यावर आपल्यात मतभेद असू शकतात. माझं म्हणणं एवढंच की शर्त म्हणजे मालकी नसणं नव्हे. कब्जेहक्काची रक्कम भरलेला भोगवटादार हा सरकारच्या दयेवर बसलेला माणूस नाही.

तेरा रुपये पन्नास नये पैसे

आमच्या बाबतीत प्रश्न एवढाच उरला, की ती रक्कम भरली होती का. एजंट म्हणत होता, भरलीच नाही, म्हणून जमीन सरकारची. संमतीपत्र बाजूला ठेवून मी तीन ठिकाणी शोध घेतला.

पहिलं, जुने सातबारे. १९५५ पासूनचे मागितले. '६ ब' हा शेरा कोणत्या साली कंसात गेला आणि 'नवी शर्त' कोणत्या साली आली, ते पाहिलं. दोन्हीसमोर एकच फेरफार क्रमांक होता, तो टिपून घेतला. दुसरं, तो फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद. तहसीलच्या अभिलेख कक्षात ती मिळाली, सन १९६२ ची. त्यात रिग्रँटच्या हुकमाचा क्रमांक होता आणि 'कब्जेहक्काची रक्कम भरल्यावरून' असे शब्द होते. हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे. ते नसतील, नुसतं 'सरकारजमा' असेल, तर पुढे रिग्रँटचा दुसरा फेरफार झाला का ते शोधावं लागतं. वर्ग २ च्या जमिनींची नोंदवही, गाव नमुना १-क, हीही पाहून घ्यावी. तिसरं, चलन. ते कचेरीत मिळालं नाही. चुलत आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत, बाबासाहेबांच्या जुन्या फोटोमागे घडी करून ठेवलेलं मिळालं. रक्कम १३ रुपये ५० नये पैसे. ४ रुपये ८ आण्यांची बरोबर तीन पट.

त्या काळात तेरा रुपये म्हणजे थोडी रक्कम नव्हती. आजी सांगायची की चारही घरांनी वर्गणी काढली होती, एका घराने कोंबड्या विकल्या. पावती एका नावावर फाडली, कारण त्या वर्षी पाळी थोरल्या घराची होती. म्हणून फेरफारात नाव थोरल्या आजोबांचं एकट्याचं लागलं. वाटणीला परवानगी लागत होती म्हणून ती कागदावर कधी झालीच नाही, चार घरं तोंडी वाटणीने कसत राहिली. एजंटाचं दुसरं वाक्य या एका नावावर उभं होतं.

त्याचंही उत्तर आहे. वतनाची जमीन एका काम करणाऱ्याच्या नावे परत दिली तरी ती एकत्र कुटुंबाचीच राहते का, हा प्रश्न १९८२ साली सर्वोच्च न्यायालयासमोर नागेश बिस्टो देसाई या खटल्यात आला होता. ते वतन देसायांचं, वरच्या जातीचं आणि दुसऱ्या कायद्याखालचं होतं. पण न्यायालयाने सांगितलेलं तत्त्व आपल्या कामाचं आहे : एकाच्या नावावर झालेलं पुनर्प्रदान सगळ्या कुटुंबाच्या फायद्याचं असतं, त्याने एकत्र मालमत्तेचं रूप बदलत नाही. देसायांच्या भावकीने स्वतःच्या भांडणात हे तत्त्व मिळवलं. ते आपणही वापरावं.

आणि विकायचंच असेल तर? २००२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. शेतीसाठी विक्रीला आपल्या वतनाच्या जमिनीवर आधी परवानगी लागते की नाही, ते चालू नियमावरून तपासून घ्या; घेणाऱ्याकडेही ती वर्ग २ चीच राहते. शर्त उठवायची असेल तर बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत रक्कम सरकारला भरावी लागते. फार्महाऊसवाल्याला शर्त उठलेलीच जमीन हवी असते. म्हणून एजंट भाव सांगताना नजराण्याचा बोजा तुमच्या वाट्याला टाकतो आणि तुम्हाला सांगतो, "इनामाची आहे म्हणून भाव कमी." दर आणि अटी वेळोवेळी बदलतात, तेव्हा त्या दिवशी चालू असलेला शासन निर्णय हातात घेऊनच बोलणी करा.

बावन्न हक्कांचा अभिमान

चुलत आजोबांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते दुखावले. म्हणाले, "म्हणजे आमच्या बापजाद्यांना काहीच मान नव्हता म्हणतेस? बेदरच्या बादशहाने बावन्न हक्क दिले होते, त्याचं काय?" ही कथा आपल्या अनेक घरांत सांगितली जाते. आपल्या माणसाच्या इमानाची परीक्षा झाली, बादशहा खूश झाला आणि त्याने महारांना बावन्न हक्क लिहून दिले. मी या कथेची टिंगल करणार नाही. ज्यांना सगळं जग नीच म्हणत होतं, त्यांनी 'आम्ही भिकारी नाही, आम्ही हक्कदार आहोत' हे सांगायला ती जपली. पण तिच्यातही हक्क मिळाला तो इमानी सेवेबद्दल, आणि त्या हक्कांत मेलेल्या जनावराचं कातडंही मोजलं जातं. ज्या हक्काने मेलेलं ढोर ओढणं आपल्या गळ्यात बांधलं, त्याला मान कसा म्हणायचा?

आजोबांना मी एवढंच म्हटलं, "तुमच्या बापजाद्यांना मान नव्हता असं नाही. पण त्यांना जमीन कुणी बक्षीस दिली नाही, त्यांनी ती राबून मिळवली. इनाम म्हटलं तर देणारा मोठा होतो. मजुरी म्हटलं तर राबणारा." ते बराच वेळ गप्प बसले. मग पेटी उघडून त्यांनीच ते चलन काढून दिलं.

सही झाली नाही. आजोबांच्या वारसांत दोन्ही आत्यांची नावं लावण्यासाठी आणि चारही घरांची नोंद होण्यासाठी अर्ज दिला आहे. थोरल्या घरच्या एका चुलत भावाने त्यावर हरकत घेतली आहे आणि प्रांतांकडे तारखा चालू आहेत. घरातली दोन माणसं माझ्याशी बोलत नाहीत. मधल्या आत्या मात्र सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा तलाठी कचेरीची पायरी चढल्या. नोंदवहीतलं '-नाक' प्रत्ययाचं नाव त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि तलाठ्याला म्हणाल्या, "भाऊ, हे माझ्या आज्याचं नाव. याच्या खाली माझं लिहा."

जयभीम.